आजीची पत्रं: वाचन आणि भाषांतराच्या नोंदी

३ जून २०२५

नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या घराच्या ट्रंकेतला गठ्ठा अखेर माझ्याकडे आला. आजोबा नोकरीनिमित्त जबलपूरला होते, आजी इथे सासरी. दोन्ही गावं तेव्हा एकाच राज्यात होती, नागपूर राजधानी. बदली संपवून परतताना आजोबांनी तिची पत्रं बरोबर आणली, त्यामुळे दोघांचाही पत्रव्यवहार एकत्र सापडतो, हे आमचं मोठं भाग्य.

काम दोन टप्प्यांचं आहे. आधी वाचून उतरवायचं, मग हिंदीत आणायचं. काकांची मुलं आणि नातवंडं रायपूरची. त्यांना देवनागरी वाचता येते, पण ही मराठी समजत नाही. काकांनी हयात असताना काही पत्रं मोठ्याने वाचली होती आणि दादाने ती टंकित केली होती. ती प्रतही माझ्याकडे आहे. ती आजच्या शुद्धलेखनात आहे, आणि तिच्यावरून हिंदी करावं असं रायपूरकरांचं म्हणणं. मला मूळ कागदापासून सुरुवात करायची आहे. का, ते पुढे कळेलच.

आज एकही घडी उलगडली नाही. नागपुरात सध्या हवा इतकी कोरडी आहे की सत्तर वर्षं मिटलेला कागद घडीवर सरळ तुटेल. पाऊस पडून हवेत थोडा ओलावा आला की कागद आपोआप मऊ पडतो. तोवर फक्त पाकिटं पाहायची.

८ जून

पाकिटांवरचे टपालाचे शिक्के आणि पत्रांवरच्या तिथी जुळवायला घेतल्या. आजी तारीख लिहीत नाही, वर्षही नाही. ‘वैशाख व॥ ५’ एवढंच. व॥ म्हणजे वद्य, शु॥ म्हणजे शुद्ध. याच पत्राच्या पाकिटावर नागपूरचा शिक्का आहे, त्यात दिवस पुसला गेलाय, पण मे ५१ वाचता येतं. १९५१ मधून ७८ वजा केले की शके १८७३. त्या वर्षीची वैशाख पौर्णिमा २१ मे रोजी होती, म्हणजे वद्य पंचमी २५-२६ मेच्या सुमाराची. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यांत तापलेले नऊ दिवस, नुकताच लागलेला. या पत्रात ही गोष्ट महत्त्वाची ठरते, म्हणून आधीच नोंदवून ठेवते.

काकांच्या प्रतीत याच पत्राचा मजकूर असा आहे:

> मी पत्राची वाट पाहत होते. मामंजी उमरेडास गेले होते. काल दुपारी ते आले. सगळी जेवायला बसली होती, वाढणे सोडून उठता येईना. ओसरीवर होते. दिवे लागल्यावर आत आणले. आता बरे आहे.

‘बरे’ या शब्दाखाली दादाने रेघ मारलीय, म्हणजे तो अंदाजाने घातलेला. घरात याच मजकुरावरून एक गोष्ट सांगितली जाते: पणजोबा भर नवतप्यात उमरेडहून आले, त्यांना ऊन लागलं, ते ओसरीवर पडून होते, संध्याकाळी त्यांना आत आणलं. नागपूरच्या माणसाला ही गोष्ट सहज पटते.

१७ जून

पाऊस आला. दोन दिवस खिडक्या उघड्या ठेवून ट्रंकेतले कागद खोलीच्या हवेत राहू दिले, मग घडी हळूहळू उघडली आणि टीपकागदाच्या दोन थरांमध्ये हलकं वजन ठेवून सपाट केली. पाण्याची वाफ, इस्त्री, चिकटपट्टी यातलं काहीही वापरलं नाही. वापरूही नये.

आजीची शाई निळी-काळी, टाकाने लिहिलेली. आता ती चहासारखी तपकिरी दिसते. माजूफळ आणि हिराकस यांच्यापासून बनणाऱ्या शाईचं असंच होतं: आधी काळी, मग लोखंड गंजल्यासारखी तपकिरी, शेवटी कागदाच्याच रंगात मिसळून जाते. जिथे टाक दाबून फिरलाय तिथे शाईतल्या आम्लाने कागदही कमकुवत केलाय. आजोबांची पत्रं वेगळी, जांभळ्या कॉपिंग पेन्सिलीची. ती फिकट कमी आहेत, पण ओल लागलेल्या जागी पसरलेली आहेत. ती नंतर.

जुन्या काळी फिकट शाई ‘जागी’ करायला त्यावर माजूफळाचा काढा लावत. क्षणभर अक्षर दिसतं आणि मग पूर्ण पान काळवंडतं. युरोपातल्या ग्रंथालयांत १९ व्या शतकात अशी कितीतरी हस्तलिखितं खराब झाली. ओळखीच्या एका गृहस्थांनी मला हाच उपाय सुचवला म्हणून इथे स्पष्ट लिहून ठेवते: नाही.

१९ जून

फोटो काढायची रीत ठरली. उत्तरेच्या खिडकीचा पसरलेला उजेड, कॅमेरा स्टँडवर, पान अगदी समांतर. पानाच्या दोन्ही बाजू, त्याच मापात. फाइल टिफमध्ये.

तपकिरी-पिवळी शाई निळा प्रकाश शोषून घेते आणि लाल परत पाठवते. म्हणून रंगीत फोटोतला फक्त निळा थर वेगळा काढला तर तीच शाई गडद दिसते. लाल थरात ती जवळजवळ नाहीशी होते. त्यासाठी इमेजमॅजिक या प्रोग्रामची ही आज्ञा:

```
magick patra.tif -channel B -separate -contrast-stretch 1%x1% patra-b.tif
```

जिथे डोळ्यांना कोरा कागद दिसत होता, तिथे ओळी उभ्या राहिल्या. पण याच रीतीचा एक मोठा धोका आहे. जुन्या कागदावर जे तांबूस ठिपके येतात, तेही तपकिरीच. निळ्या थरात तेही तितकेच काळे होतात. आणि १९५१ च्या मराठीत शब्दांच्या डोक्यावर ठिपकेच ठिपके असतात.

२१ जून

हे सगळं काम या ठिपक्यांभोवती फिरणार आहे, म्हणून सविस्तर लिहिते. रायपूरकरांनाही हेच पाठवणार आहे.

आजी ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘आतां’, ‘घरांत’, ‘तूं’ असं लिहिते. यांतले बरेच अनुस्वार तेव्हाही कोणी नाकात उच्चारत नव्हतं. हिंदी वाचणारा मात्र ते पाहून लगेच नाकात बोलतो, रायपूरच्या पुतण्याने फोनवर तसंच वाचून दाखवलं. हे अनुस्वार व्याकरणाची खूण म्हणून राहिले होते. १९६२ साली राज्य सरकारने मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम स्वीकारले तेव्हा हे न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. त्याच नियमांनी तिची ‘विनंति’ आणि ‘प्रकृति’ दीर्घ ‘विनंती’, ‘प्रकृती’ झाली. शाळेत आम्ही हेच शिकलो, आणि रोजच्या लिहिण्याला ते सोपंही आहे.

पण जुन्या पत्रात ते ठिपके अर्थ सांभाळत असतात. ‘ते आले’ म्हणजे पुरुष आले, अनेक किंवा आदरार्थी एक. ‘तें आलें’ म्हणजे नपुंसकलिंगी एक वस्तू आली. पत्र नपुंसकलिंगी. आजच्या लेखी भाषेत दोन्ही ‘ते आले’. बोलताना आपण अजूनही फरक करतो, ‘ते आले’ आणि ‘ते आलं’, पण काकांची प्रत लेखी वळणात उतरवलेली आहे, त्यामुळे तिथे हा फरक उरलेला नाही. त्यात काका किंवा दादाची चूक काहीच नाही; आजच्या नियमाने लिहिलं की तसंच होणार.

म्हणून मूळ पानापासून तीन थर करायचे ठरवलं. पहिला जसाच्या तसा, ठिपक्यांसकट. जो ठिपका शाईचा असल्याची खात्री आहे तो तसाच. शंका असेल तर शब्दापुढे प्रश्नचिन्ह. जिथे कागद फाटलाय तिथे फुली. दुसरा थर आजच्या बोलीत, ‘आलं’, ‘आणलं’ असा, म्हणजे लिंग हरवत नाही. तिसरा हिंदी. आजच्या शुद्धलेखनात आणणं हेसुद्धा भाषांतरच आहे, आणि ते घाईत केलं तर पुढचं भाषांतर आधीच ठरून जातं.

२४ जून

शाईचा ठिपका आणि कागदाचा डाग वेगळा कसा ओळखायचा, याच्या चार कसोट्या बनल्या.

सर्वांत उपयोगाची कसोटी पानाची मागची बाजू. तांबूस डाग बहुधा कागदात आरपार असतो. मागच्या बाजूचा फोटो आरशासारखा उलटा करून पुढच्यावर ठेवला की त्याच जागी डाग दिसतो. टाकाचा बारीक ठिपका सहसा मागे उतरत नाही. दुसरी कसोटी कडेची: डाग कडेला विरत जातो, ठिपक्याची कड धारदार असते. तिसरी, तिरपा उजेड. टॉर्च टेबलाच्या पातळीवर धरली की टाकाने कागदात केलेला बारीक खळगा सावलीने दिसतो. चौथी, लिहिणाऱ्याची सवय. आजी ओळ पूर्ण झाल्यावर ठिपके देत असावी, कारण ते सगळे अक्षरापेक्षा किंचित उजवीकडे सरकलेले आहेत. नेमका अक्षराच्या मध्यावर बसलेला ठिपका तिच्या पानावर दिसला की मी आधी संशय घेते.

आणखी एक गोष्ट तपासायला हवी होती: ती हे नियम खरंच पाळते का? नाहीतर सगळा तर्क वाया. स्वच्छ राहिलेल्या पत्रांतून पाहिलं. ‘मामंजी आले’, ‘भाऊजी गेले’ यावर ती कधीच ठिपका देत नाही. ‘काम झालें’, ‘दूध नासलें’ यावर देते, पण घाईत असेल तेव्हा गाळतेही. यातून जो नियम निघतो तो एकाच दिशेने चालतो. खरा ठिपका असेल तर नपुंसकलिंग नक्की. ठिपका नसेल तर काहीच नक्की नाही.

एक अपवाद मात्र जपून लक्षात ठेवायचा. त्या काळी बाई स्वतःबद्दल ‘मी गेलें’, ‘मी होतें’ असंच ठिपक्यासह लिहिते. म्हणजे ‘होतें’ दिसलं तर ते पत्र असू शकतं, किंवा आजी स्वतः.

२७ जून

ठरावीक वाक्यांचा आज फार उपयोग झाला. तिचं प्रत्येक पत्र ‘ती. स्व. चरणीं शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.’ असं सुरू होतं आणि ‘कळावें, लोभ असावा, ही विनंति’ असं संपतं. ‘ती. स्व.’ म्हणजे तीर्थस्वरूप, पुढे नाव नाही, कारण नवऱ्याचं नाव ती कागदावरही घेत नाही. ‘वि. वि.’ म्हणजे विनंती विशेष. ही वाक्यं कितीही पुसलेली असली तरी तिथे काय असणार हे ठाऊक असतं, म्हणून अक्षर ओळखण्याची किल्ली त्यांतूनच मिळते. तिचा ष्ट, ळ, जोडाक्षरातला र, ‘नमस्कार’मधला स्क, सगळे तिथून कापून एका पानावर लावले.

त्या तक्त्यामुळे एक गोष्ट लगेच सुटली. शिरोरेषा फिकट पडली की तिचा ‘भ’ आणि ‘म’, ‘ध’ आणि ‘घ’ सारखेच दिसतात, कारण फरक रेषेतल्या तुटीचाच असतो. ‘चरणीं’च्या वरची रेषा किती जाड आहे ते पाहून आता कळतं की तुटीच्या जागी शाई मुळातच नव्हती की नंतर उडाली.

१ जुलै

आज वैशाख वद्य पंचमीचं पत्र पूर्ण घेतलं. शब्दागणिक.

‘मामंजी उमरेडास गेले होते.’ दोन्ही क्रियापदांवर ठिपका नाही, तिच्या सवयीप्रमाणेच.

‘काल दुपारीं ते? आलें.’ ‘ते’वर एक ठळक ठिपका आहे, निळ्या थरात सगळ्यांत काळा. पण मागच्या बाजूला नेमका तिथेच डाग आहे आणि कड विरलेली आहे. म्हणजे तो कागदाचा. त्याच्याखाली शाईचा ठिपका असेलही, पण सांगता येत नाही. हा पुरावा सोडून दिला. ‘आलें’वरचा ठिपका मात्र लहान, धारदार, उजवीकडे सरकलेला, आणि मागे काही नाही. तिरप्या उजेडात खळगाही दिसतो. हा आजीचा.

‘ओसरीवर होते*.’ इथे बरोबर घडी आहे, ‘त’च्या वरचा कागदच गेलाय.

‘दिवे लागल्यावर आंत आणलें.’ ठिपका पुसट, पण आहे.

‘आतां उ…शीं आहे.’ काकांच्या प्रतीत जिथे ‘बरे’ आहे, तिथे घडीवर तीन-चार अक्षरांची जागा आहे आणि शेवटी ‘शीं’ स्पष्ट दिसतं. ‘बरे’ तिथे बसत नाही. आणि ‘आहे’ एकवचनी आहे. मामंजींबद्दल असतं तर तिने ‘आहेत’ लिहिलं असतं; सासऱ्यांबद्दल तिने एकवचन वापरल्याचं पूर्ण गठ्ठ्यात एकही उदाहरण नाही. हा पुरावा ठिपक्यावर अवलंबून नाही म्हणून मला तो सगळ्यांत मोलाचा वाटतो.

२ जुलै

रात्री दिवे बंद करून ३६५ नॅनोमीटरची अतिनील टॉर्च वापरली. कागद निळसर उजळतो आणि हिराकसाची शाई तो प्रकाश गिळते, त्यामुळे पुसलेलं अक्षर काळं दिसतं. कागदावर काही सेकंदच प्रकाश टाकायचा, डोळ्यांवर चश्मा हवाच. कॅमेरा आधी स्टँडवर लावून ठेवला होता.

घडीच्या दोन्ही बाजूंना शाईचे तुकडे दिसले. ‘उ’, मग ‘श’चा वरचा गोल, काना, मग ‘शीं’.

आतां उशाशीं आहे.

पत्र आलं होतं. आजोबांचं.

५ जुलै

धंतोलीला आत्याकडे गेले. तिच्यापुढे काहीही न सांगता पहिला थर ठेवला, मोठ्या अक्षरात छापलेला. तिने चष्मा लावून वाचलं आणि सहज बोलीत म्हणाली, ‘काल दुपारी ते आलं.’ आलं. तिच्या लहानपणच्या पुस्तकांत हेच ठिपके होते, तिला थांबावं लागलं नाही.

मी विचारलं, “आत्या, पत्र दुपारी आलं तर दिवे लागेपर्यंत ओसरीवर का राहिलं असेल?”

“अगं, पोस्टमन ओसरीवरच टाकून जायचा. सगळे पानावर बसलेले, ही वाढून राहिली असेल. आणि नवऱ्याचं पत्र सासूसासऱ्यांसमोर जाऊन उचलायचं कसं बाई? कोणी दुसरं उचलून देईल तर ठीक. नाही तर अंधार पडू द्यायचा.”

“म्हणजे सगळ्यांना दिसत होतं?”

“दिसत होतं ना. सगळ्यांना ठाऊक होतं कोणाचं ते. तिलाच तेवढं हात लावता येत नव्हता.”

मग ती ‘ओसरीवर होते’ या शब्दांवर परत आली. तिचं म्हणणं, ठिपका तिथे असता तरी ते दोन्ही अर्थांनी वाचता येईल: पत्र ओसरीवर होतं, किंवा आजी जेवणं उरकून ओसरीवर जाऊन बसली होती. मी हे आधी मनात धरलं होतं, पण तिने त्याला कारण दिलं. पुढच्या वाक्यात ‘आणलें’ आहे, आणणारी आजी, आणलेली वस्तू पत्र. मध्ये ‘मी’ नाही. आजी जेव्हा स्वतःकडे वळते तेव्हा ‘मी’ लिहिते, निदान या पत्रात तरी. तेव्हा पत्र हाच अर्थ घ्यायचा, पण दुसरा अर्थ टिपेत द्यायचा. आत्याला हे पटलं.

पणजोबांना ऊन लागल्याची गोष्ट मात्र तिने कधी ऐकली नव्हती. तिच्या मते ती रायपुरातच रुजली.

११ जुलै

हिंदी. इथे पहिली अडचण लगेच आली: हिंदीत नपुंसकलिंग नाही. ‘कल दोपहर वह आई’ म्हटलं तर वाचणाऱ्याला कोणी बाई आली असं वाटेल. ‘वह आया’ म्हटलं तर पुन्हा माणूस. मराठीत आजीला ‘पत्र’ हा शब्द न घेता निभावता आलं, ते तिच्या व्याकरणामुळे. हिंदीत नाव घ्यावंच लागतं. ‘कल दोपहर चिट्ठी आई’ असं लिहिलं, आणि पुढच्या चार वाक्यांत नाव पुन्हा घेतलं नाही: ‘सब खाने बैठे थे, परोसना छोड़कर उठते नहीं बना। ओसारे में पड़ी रही। दिया-बत्ती होने पर भीतर लाई। अब सिरहाने है।’ ‘ओसारा’ हा शब्द छत्तीसगढकडच्या मुलांना ठाऊक आहे, तो मिळाल्याचं समाधान वाटलं. ‘सिरहाने’ तर उशाशीचं सख्खं भावंडच.

तिची संबोधनं सोपी जातील असं वाटलं नव्हतं, पण हिंदीने साथ दिली. ती आजोबांना ‘तुम्ही’ म्हणत नाही, ‘आपण’ही क्वचित. ‘तिकडून येणें केव्हां होईल?’ ‘तिकडे प्रकृति जपणें व्हावें.’ माणूस बाजूला ठेवून क्रियाच तेवढी बोलायची. हिंदीत ‘उधर से आना कब होगा?’ जसंच्या तसं चालतं. इथे ‘आप कब आएँगे’ लिहिलं असतं तर वाचायला सोपं झालं असतं, पण मग ती त्यांना थेट हाक मारते असं झालं असतं, आणि ती ते सबंध गठ्ठ्यात जवळजवळ कुठेच करत नाही. आजोबा तिला ‘तूं’ लिहितात. त्याचं हिंदी ‘तू’ केलं तर फार रांगडं वाटतं, म्हणून ‘तुम’.

१४ जुलै

ठरावीक वाक्यांचं काय करायचं, यावर रायपूरशी बराच वेळ बोलणं झालं. वहिनीचं मत होतं की ‘शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष’ दर वेळी भाषांतरायची गरज नाही, एकदा टिपेत सांगावं आणि पुढे गाळावं. मुलांना कंटाळा येईल.

मला ते मान्य नाही, आणि कारण याच पत्राच्या शेवटी आहे. बाकी सगळीकडे ती ‘कळावें, लोभ असावा, ही विनंति’ असं संपवते. या पत्रात तो शेवट असा आहे: ‘कळावें. लोभ आहे.’ काकांच्या प्रतीत तो नेहमीसारखाच ‘लोभ असावा ही विनंती’ असा भरलेला आहे, कारण तिथे शाई फार फिकट आहे आणि तिथे काय असणार हे सगळ्यांना ठाऊकच होतं. निळ्या थरात जागा मोजली तर ‘ही विनंति’ला जागाच नाही, त्यानंतर पान कोरं आहे. ‘आहे’ दोन अक्षरांत स्पष्ट आहे. ठरावीक वाक्यं वाचायला मदत करतात तशी डोळ्यांवर पडदाही टाकतात. किल्ली म्हणून वापरताना प्रत्येक वेळी जागा मोजायची, हे आता नियमात लिहिलंय.

तर हिंदीत प्रत्येक पत्राचा शेवट एकच ठेवायचा: ‘विदित हो, स्नेह बनाए रखें, यही विनती।’ शब्द जराही न बदलता, कितीही वेळा. तरच या एका पत्रात ‘विदित हो। स्नेह है।’ आलं की रायपूरच्या मुलांना कळेल की आजीने इथे मागणं सोडून दिलं. वहिनीने दोन पत्रं सलग वाचली आणि मग तिचा विरोध उरला नाही.

२० जुलै

दादाचा फोन. त्याला नवं वाचन पटलंय, पण काकांची प्रत फेकू नये असं त्याचं म्हणणं. मला तर ती गठ्ठ्याचाच भाग वाटते. काकांना वाचता आलेल्या काही ओळी आता कागदावरच उरलेल्या नाहीत. कसर लागून कोपरे गेलेत. तिथे त्यांचंच वाचन हा एकमेव पुरावा आहे. त्या ओळी वेगळ्या ठशात देणार, आणि त्या आजच्या शुद्धलेखनात आल्या असल्याने तिथे ‘ते’ कोण हे ठरवता येणार नाही, असं प्रत्येक ठिकाणी नमूद करणार. काकांनी ‘बरे’ भरलं ते वडीलधाऱ्याच्या काळजीतून, तेही टिपेत लिहायला दादाने होकार दिलाय.

२३ जुलै

आजोबांच्या पत्रांना हात घातला. जांभळी कॉपिंग पेन्सिल निळ्या थरात काहीच देत नाही; जांभळा रंग हिरवा प्रकाश शोषतो, म्हणून इथे हिरवा थर.

```
magick ajoba.tif -channel G -separate -contrast-stretch 1%x1% ajoba-g.tif
```

पेन्सिलीचा रंग पाण्यात विरघळतो, म्हणून पावसाळ्यात ही पानं बाहेर काढायची नाहीत, फोटो ऑक्टोबरनंतर. आज फक्त एकाच पानाची चाचणी केली: जबलपूर, ज्येष्ठ शु॥ २. म्हणजे आजीच्या पत्राचंच उत्तर असणार. सुरुवात ‘सौ. … हिस अनेक आशीर्वाद’ अशी नेहमीचीच. डाव्या समासात आडवं काहीतरी लिहिलंय, वाचता येतं ते एवढंच: ‘उशाशीं’. पुढचा शब्द ओलीने पसरलाय, त्याची सुरुवात ‘ठ’ किंवा ‘ढ’. ऑक्टोबरपर्यंत थांबणार.